पन्नाशीनंतर ड्रायव्हिंगची थिअरी परीक्षा: वाचलेलं राहत नाही, आणि कॉम्प्युटरची धास्ती

पाऊलवाट

नमस्कार मंडळी. वय ५४. गाडी चालवायला आता शिकतो आहे, आधी कधी गरज पडली नाही. प्रत्यक्ष चालवण्याआधी थिअरीची परीक्षा पास व्हावी लागते आणि ती कॉम्प्युटरवर असते. प्रश्नाखाली पर्याय, त्यातलं बरोबर उत्तर निवडायचं, कोपऱ्यात घड्याळ चालू. महिन्याभराने तारीख आहे.

मला दोन गोष्टींची काळजी वाटते. पहिली, नियमांचं पुस्तक कितीदा वाचलं तरी राहत नाही. वाचताना सगळं समजतं, पण दुसऱ्या दिवशी बायकोने विचारलं की डोकं कोरं. चिन्हं एकमेकांत मिसळतात. कोणत्या वेगाला गाडी थांबायला किती अंतर लागतं, तो तक्ता तर अजिबातच टिकत नाही. हल्ली ओळखीच्या माणसाचं नावही ऐन वेळी ओठावर येत नाही, त्यामुळे मनात येतं की हे नुसतं वय आहे की आणखी काही.

दुसरी गोष्ट कॉम्प्युटर. आयुष्य यंत्रशाळेत लेथवर गेलं. मोबाइलवर फोन आणि निरोप, एवढंच येतं. मुलीच्या लॅपटॉपवर सराव परीक्षा द्यायला बसलो तर माउसवरचा हात घामेजला. चुकीचं काही दाबलं आणि परीक्षाच बंद झाली तर काय, हाच विचार डोक्यात. पन्नासपैकी जेमतेम निम्मे बरोबर आले आणि पास व्हायला त्याहून बरेच जास्त लागतात. या वयात हे जमतं का? जमवलं असेल तर कसं, ते सांगा.

निवांत

दादा, या वयात स्मरणशक्ती आधीसारखी राहत नाही हे मान्य करूनच पुढे जायचं. उपाय एकच, घोकणे. पहाटे उठून मोठ्याने वाचा, एकेक पान दहा-दहा वेळा. आमच्या शाळेत असंच पाठ करून घ्यायचे आणि ते अजून आठवतं. कॉम्प्युटरसाठी सरळ एखादा प्राथमिक वर्ग लावा, पाया पक्का होईल. आणि परीक्षेत पहिलं सुचलेलं उत्तर कधीही बदलू नका. पहिलंच बरोबर असतं.

सदाफुली

मी खात्यांतर्गत बढतीची परीक्षा ५१ व्या वर्षी दिली, तीही कॉम्प्युटरवर. माझी सगळी अडचण टायपिंगची होती. बोटं चालायची नाहीत, उत्तर डोक्यात तयार आणि अर्धं वाक्य टाइप होईतो वेळ संपायची. त्यामुळे काका, आधी टायपिंगचा वेग वाढवा. रोज अर्धा तास बसलात तर फरक पडतो.

चक्रधर

सदाफुलीताई, यांच्या परीक्षेत टायपिंग नसतं. फार तर सुरुवातीला नाव किंवा क्रमांक तपासून 'हो' म्हणायचं असतं. तेव्हा तो भार त्यांच्यावर नको.

पाऊलवाट, मी बरीच वर्षं प्रौढांना थिअरी शिकवतो. तुमच्या वयाची माणसं वर्गात नेहमी असतात आणि जवळजवळ प्रत्येक जण "माझी स्मरणशक्ती गेली" असंच म्हणत येतो. मी ते लगेच मान्यही करत नाही आणि खोडूनही काढत नाही, आधी तपासतो. कारण पडद्यावर कमी गुण येतात तेव्हा त्यात निदान दोन गोष्टी मिसळलेल्या असतात. उत्तर माहीत नव्हतं ही एक, आणि माहीत असूनही पडद्यावर नीट नोंदवलं गेलं नाही ही दुसरी. दोन्हींचा इलाज वेगळा आहे.

असं करा. सारख्याच अवघडपणाचे पन्नास-पन्नास प्रश्नांचे दोन संच घ्या. एक कागदावर छापून पेन्सिलीने सोडवा. दुसरा लॅपटॉपवर सोडवा, पण घड्याळ बंद ठेवून. मग लॅपटॉपवर चुकलेले प्रश्न मुलीला दुसऱ्या दिवशी नुसते वाचून दाखवायला सांगा. तुम्ही पडद्याकडे बघायचं नाही, तोंडी उत्तर द्यायचं. आकडे इथे लिहा, मग पुढचं बोलू.

अनुराधा

मी परिचारिका आहे, नावं विसरण्याबद्दल थोडं सांगते. चेहरा ओळखता, माणूस कोण हे माहीत असतं, नाव थोड्या वेळाने आपोआप आठवतं, हे पन्नाशीनंतर फार जणांना होतं. आठवण शाबूत असते, ती बाहेर यायला वेळ लागतो. तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारणं, रोजच्या रस्त्यावर चुकणं, नेहमी करत आलेल्या कामाच्या पायऱ्या गाळणं, असं घरच्यांच्या लक्षात येत असेल तर मात्र डॉक्टरांना दाखवा.

आणखी एक. झोप पुरी होत नसेल, सर्दीच्या किंवा ॲलर्जीच्या झोप आणणाऱ्या गोळ्या चालू असतील, बी-१२ कमी असेल किंवा थायरॉइडचं काही असेल तरी लक्षात राहणं मंदावतं. यातलं बरंचसं साध्या रक्ततपासणीत कळतं आणि सुधारतंही. त्या गोळ्या चालू असतील तर मनाने बंद करू नका, डॉक्टरांशी बोला.

पाऊलवाट

अनुराधाताई, रस्ता चुकणं वगैरे काही नाही. बायकोला मुद्दाम विचारलं, तीही नाही म्हणाली. सर्दीची गोळी मात्र रोज रात्री घेतो. डॉक्टरांना विचारतो.

चक्रधर, तुम्ही सांगितलं तसं केलं. कागदावर ५० पैकी ४२. लॅपटॉपवर, घड्याळ बंद ठेवूनही, ३३. म्हणजे १७ चुकले. मुलीने ते १७ वाचून दाखवले तर ९ मी तिथल्या तिथे बरोबर सांगितले. तिला खरं वाटेना, मलाही नाही. उरलेल्या ८ मध्ये बहुतेक थांबण्याच्या अंतराचे आणि गोल चिन्हांचे आहेत.

चक्रधर

हे फार उपयोगी आकडे आहेत. सतरापैकी नऊ चुकांचा स्मरणशक्तीशी संबंध नाही, ते उत्तर तुमच्याकडे होतं. आता ते नऊ कुठे गळाले ते बघा. प्रश्नात 'नाही', 'वगळता', 'सोडून' असे शब्द होते का? शेजारच्या पर्यायावर खूण पडली होती का? दोन उत्तरं निवडा असं लिहिलेलं असताना एकच निवडलं का?

आणि एक वेगळाच प्रश्न. चष्मा कोणता आहे? लॅपटॉप वाचताना हनुवटी वर जाते का?

पाऊलवाट

मुलीने बसून पाहिलं. नऊपैकी चार प्रश्नांत 'नाही' किंवा 'वगळता' होतं आणि ते मी वाचलंच नव्हतं. तिघांत खूण खालच्या पर्यायावर पडली होती. दोन ठिकाणी दोन उत्तरं हवी होती.

चष्मा लांबचा-जवळचा एकत्र, मधे रेघ नसलेला. आणि हो, हनुवटी वर जाते. मुलगी म्हणाली, बाबा तुम्ही छताकडे बघत वाचता. मान दुखते ती यामुळे का?

मृद्गंध

चष्म्याच्या दुकानात काम करते, म्हणून या धाग्यावर लिहिते आहे. रेघ नसलेल्या त्या काचेत, म्हणजे प्रोग्रेसिव्हमध्ये, वरचा भाग लांबचं बघायला, अगदी खालचा भाग पुस्तकाच्या अंतराला आणि त्यांच्या मधे एक अरुंद पट्टा मधल्या अंतराला असतो. लॅपटॉप किंवा मॉनिटर साधारण हातभर लांब असतो, म्हणजे नेमका त्या अरुंद पट्ट्यात. त्यातही मॉनिटर उंच असला की माणूस मान मागे टाकून खालच्या भागातून वाचायला बघतो. ओळीचा मधला भाग स्पष्ट दिसतो, कडा पुसट. 'नाही' बहुतेक वाक्याच्या शेवटी असतो, तो कडेलाच जातो.

घरी पडदा खाली घ्या आणि थोडा मागे कलता ठेवा. परीक्षेच्या ठिकाणी मॉनिटर हलवू देतील न देतील, पण खुर्ची वर करता येते, बसल्या बसल्या ते आधी करून घ्या. फक्त मधल्या अंतराचा एकाच नंबरचा चष्माही बनवून मिळतो. तो घ्यावा की नाही हे डोळे तपासूनच ठरवा, केवळ एका परीक्षेसाठी मी कुणाला आग्रह करत नाही.

निवांत

चष्म्याचं मान्य, हे डोक्यात आलं नव्हतं. पण उरलेल्या आठ प्रश्नांना घोकणंच लागणार, नाही का?

चक्रधर

निवांत, तुमचं अर्धं पटतं. परत परत भेट व्हायला हवी हे खरं, पण ती वाचनातून नव्हे. २००६ साली रोडिगर आणि कार्पिकी या दोन मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना उतारे दिले. काहींनी ते पुन्हा वाचले, काहींनी न बघता आठवून लिहिले. पाच मिनिटांनी तपासलं तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने तपासलं तेव्हा आठवून लिहिणारे स्पष्टपणे पुढे. वाचणाऱ्याला "मला येतं" असं वाटतं ते या पहिल्या पाच मिनिटांमुळे. पाऊलवाट, वाचताना सगळं समजतं आणि दुसऱ्या दिवशी डोकं कोरं, हे तुमचं वर्णन तंतोतंत तेच आहे. ते विद्यार्थी तरुण होते, तेव्हा याला म्हातारपणाचं लक्षण समजू नका.

म्हणून पुस्तक मिटा. जाड कागदाची कार्डं करा, एका बाजूला चिन्ह, मागे अर्थ. उत्तर आधी बोलायचं, मगच कार्ड उलटायचं. आलं तर ते कार्ड दोन दिवसांनी, पुन्हा आलं तर आठवड्याने. चुकलं तर उद्या. आठवायला थोडा त्रास झाला पाहिजे, सोपं वाटू लागलं की त्या कार्डाचं अंतर वाढवा.

गोल चिन्हं मिसळतात कारण तुम्ही प्रत्येक चित्र सुटं लक्षात ठेवता आहात. आधी आकार आणि रंग धरा. १९६८ च्या व्हिएन्ना करारापासून ही व्यवस्था बऱ्याच देशांत सारखी आहे. लाल काठाचा त्रिकोण पुढच्या धोक्याची सूचना देतो. लाल काठाचं वर्तुळ मनाई किंवा मर्यादा सांगतं. भरीव निळं वर्तुळ 'हे केलंच पाहिजे' असा हुकूम देतं. म्हणजे निळ्या वर्तुळात सायकल दिसली तर तो सायकलींचा मार्ग, आणि लाल काठाच्या वर्तुळात तीच सायकल दिसली तर सायकलींना बंदी. चित्र एकच, अर्थ उलट. परीक्षेत नेमके हे दोन पर्याय शेजारी असतात. 'थांबा'चं चिन्ह अष्टकोनी आणि 'वाट द्या'चा त्रिकोण उलटा, हे आकार दुसऱ्या कशालाच दिलेले नाहीत. मागून बघितलं किंवा चिखलाने झाकलं तरी ओळखता यावेत म्हणून. काही ठिकाणी धोक्याची चिन्हं त्रिकोणाऐवजी पिवळ्या चौकटीत असतात, तुमच्या पुस्तकात काय आहे ते बघूनच कार्डं करा.

पाऊलवाट

सायकलीचं उदाहरण वाचलं आणि दोन चुकांचा उलगडा झाला. कार्डं करायला घेतली आहेत, कापायला मजा येते. पण तो अंतराचा तक्ता? त्यात तर आकृती नाही, नुसते आकडे.

चक्रधर

तक्ता पाठ करू नका, बनवायला शिका. तुम्ही लेथवर काम केलं आहे, आकड्यांशी तुमची ओळख माझ्यापेक्षा जुनी असणार.

थांबण्याच्या अंतराचे दोन तुकडे असतात. धोका दिसल्यापासून पाय ब्रेकवर जाईपर्यंत गाडी पुढे जातच असते, तो पहिला तुकडा. ब्रेक लागल्यावर थांबेपर्यंतचा दुसरा. पहिला तुकडा वेगाच्या प्रमाणात वाढतो, वेग दुप्पट तर अंतर दुप्पट. दुसरा वर्गाच्या प्रमाणात वाढतो, वेग दुप्पट तर अंतर चौपट. बहुतेक चुका इथेच होतात, लोक दोन्ही तुकडे दुप्पट करतात.

ढोबळ हिशेब असा शिकवतात. ताशी किलोमीटरमधल्या वेगाला दहाने भागा. आलेल्या आकड्याला तीनने गुणलं की पहिला तुकडा मीटरमध्ये. त्याच आकड्याचा वर्ग केला की दुसरा. ताशी ५० ला दहाने भागून ५. पहिला तुकडा १५ मीटर, दुसरा २५, एकूण ४०. आता ताशी १०० घ्या. दहा आले. पहिला ३०, दुसरा १००, एकूण १३० मीटर. वेग दुप्पट झाला आणि अंतर तिपटीहून जास्त. हे कोरड्या रस्त्याचं आणि साध्या ब्रेकचं आहे. ओल्या रस्त्यावर दुसरा तुकडा वाढतो, पहिला तेवढाच राहतो. थकलेल्या चालकाचं नेमकं उलट, पहिला वाढतो.

पण तुमच्या पुस्तकातल्या तक्त्याशी हे आकडे जुळतीलच असं नाही, कारण प्रतिक्रियेला किती वेळ आणि ब्रेक किती जोराचा हे प्रत्येक तक्त्यात वेगवेगळं गृहीत धरलेलं असतं. परीक्षेत पुस्तकातलाच आकडा बरोबर. तेव्हा तक्त्यातला एक वेग, समजा ५० चा, त्याचे दोन तुकडे कार्डावर लिहून पक्के करा. बाकीचे त्यावरून दुप्पट-चौपट करून जवळपास येतात, आणि जवळपास आलं की पर्यायांतलं बरोबर उत्तर ओळखू येतं.

पाऊलवाट

हे मला पटलं. आमच्याकडे पुस्तकात आकडे कमी आहेत, पण चौपटीचा नियम लागू पडतो, ताडून बघितलं.

आता माउस. क्लिक करताना बाण सरकतो आणि खूण भलतीकडे जाते. आणि ती परीक्षा बंद होण्याची भीती आहेच.

चक्रधर

बाण सरकतो कारण तुम्ही मनगट हवेत ठेवून बोट जोराने दाबता. मनगट टेबलावर टेकवा, बाण पर्यायाच्या मधोमध आणा, हात थांबू द्या, मग फक्त तर्जनी हलवा. बहुतेक परीक्षांत गोलाच्या आतच दाबावं लागत नाही, पर्यायाची अख्खी ओळ चालते. दोनदा दाबायची गरज कुठेच नाही. दाबल्यावर ओळीचा रंग बदलतो, तो बघून मगच पुढे जा. सरावाला पत्त्यांचा 'सॉलिटेअर' खेळा. नेमकी जागा गाठून दाबणं, एवढंच त्यात शिकायचं असतं.

भीतीसाठी मी वर्गात एक करायला लावतो. सराव परीक्षेत मुद्दाम चुकीची बटणं दाबा. उत्तर न देता 'पुढे' दाबा, मग 'मागे' या. उत्तर निवडून दुसरं निवडा, पहिलं आपोआप निघतं ते बघा. शेवटी अर्ध्यातच 'समाप्त' दाबा. बहुतेक ठिकाणी "खरंच संपवायचं आहे का?" असं विचारलं जातं, तिथे 'नाही' दाबून परत या. हे सगळं हाताने केल्याशिवाय डोक्यातली भीती हलत नाही. खरी परीक्षा सुरू होण्याआधी पुष्कळ केंद्रांवर गुण न मोजणारे एक-दोन सरावाचे प्रश्न येतात, ते घाईने उरकू नका.

निवांत

आणि पहिलं उत्तर बदलायचं नाही, याचं काय?

चक्रधर

इथे माझं मत वेगळं आहे. यावर कित्येक दशकं अभ्यास झाले आणि बदललेली उत्तरं चुकीकडून बरोबरकडे जाण्याचं प्रमाण जास्त निघालं. बदलून चुकलेलं आपल्या मनाला जास्त बोचतं, म्हणून उलट वाटतं. कारण सापडलं, म्हणजे 'नाही' दिसला नव्हता किंवा दोन उत्तरं हवी होती, तर जरूर बदला. नुसती धाकधूक होते म्हणून बदलू नका.

निवांत

अभ्यास असतील. मी बदललं की चुकतं हा माझा अनुभव आहे आणि मी तो सोडणार नाही.

पाऊलवाट

कळवायला उशीर झाला. डॉक्टरांनी गोळी बदलून दिली, सकाळी डोकं हलकं असतं. लॅपटॉप खालच्या स्टुलावर ठेवतो. प्रश्न वाचताना 'नाही' आला की बोट पडद्यावर टेकवतो, मगच पर्याय बघतो. परवा घड्याळ चालू ठेवून ४४ आले, वेळही उरली. 'समाप्त' मुद्दाम दाबलं तेव्हा छातीत धडधडलं, पण विचारलं त्याने, आणि मी 'नाही' म्हणून परत आलो. त्यानंतर हाताला घाम येत नाही. ओव्हरटेकच्या मनाईची आणि मनाई संपल्याची अशी दोन कार्डं अजून रोज चुकतात.

एक विचारायचं होतं. जास्तीचा वेळ मागता येतो असं कुणीतरी सांगितलं. मागावा का?

अनुराधा

वाचायला खरोखर अडचण असेल, तसा वैद्यकीय कागद असेल तर बऱ्याच ठिकाणी मिळतो, पण नाव नोंदवतानाच सांगावं लागतं. तुम्हाला वेळ उरते आहे, मी तरी मागणार नाही.

सदाफुली

मी मागेन. वेळ आहे हे माहीत असलं तरी निम्मी धास्ती कमी होते.

चक्रधर

तुमच्या केंद्राचे नियम काय आहेत त्यावर ठरवा. ती दोन कार्डं एकत्र चुकत असतील तर एकत्रच ठेवा आणि फरक तोंडाने सांगा: संपल्याच्या चिन्हात लाल रंग नसतो, चित्र फिकट आणि त्यावर तिरक्या काळ्या रेघा.

मृद्गंध

परीक्षेच्या दिवशी दुसरा चष्मा असेल तर सोबत न्या. आणि काच घरूनच पुसून.

रानजाई

इतके दिवस नुसती वाचत होते. मी ५७ ची, पुढच्या महिन्यात हीच परीक्षा, आणि डावखुरी. माउस डाव्या हाताला घेऊन चालतं का?

चक्रधर

माउस डावीकडे ठेवू द्या असं बसतानाच सांगा, वायर पुरत असेल तर सहसा कुणी नाही म्हणत नाही. पण त्यांच्या यंत्रातली बटणांची अदलाबदल तुम्हाला करू देतील याची खात्री नाही. तेव्हा क्लिकचं डावं बटण तुमच्या मधल्या बोटाखाली येईल. घरी सेटिंग न बदलता, मधल्या बोटानेच सराव करा. काही जणींना त्यापेक्षा उजव्या हाताने सावकाश करणंच सोपं जातं. दोन्ही करून बघा आणि इथे लिहा.